भिंतीला ओल, फोटो डिलीट: घरमालकाला पत्र लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात भाडेकरार आणि अर्ज लिहून देण्याच्या कामात पावसाळ्याच्या शेवटी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळते: भिंत ओली झाली, फोटो काढले होते, फोटो गेले, आता मालकाला काय लिहू? धुळे, अमळनेर, शहाद्याहूनही हेच विचारणारे निरोप येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सातव्या प्रश्नात एक पूर्ण पत्र आहे. ते खऱ्या प्रकरणावरून घेतलंय, फक्त ओळख पटेल असं सगळं बदललंय.

१. फोटोच गेले, मग पत्र लिहून उपयोग काय?

उपयोग आहे, कारण फोटो आणि पत्र वेगवेगळी कामं करतात. भिंत एका दिवशी कशी दिसत होती एवढंच फोटो सांगतो. ओल कधी सुरू झाली, कशी वाढली, मालकाला केव्हा सांगितलं, त्याने काय उत्तर दिलं, हे फोटोत नसतं. पुढे वाद झाला तर बहुतेक वेळा भांडण "ओल होती का" यावर होत नाही. "मला कुणी सांगितलंच नाही" आणि "हे तुमच्याच चुकीने झालं" या दोन वाक्यांवर होतं, आणि त्यांना उत्तर देतं ते पत्रच.

पण पत्र म्हणजे तुमचं स्वतःचंच म्हणणं. ते लिहिलं म्हणून लगेच सिद्ध होत नाही. दुसऱ्याला तपासून पाहता येतील अशा गोष्टी त्यात जितक्या असतील, तितकं त्याला वजन येतं: मापं, तारखा, कोण हजर होतं, कोणत्या फोन कॉलवर बोलणं झालं. "भिंत फार खराब झाली आहे" हे कुणालाच तपासता येत नाही. "स्लॅबपासून खाली ३ फूट ४ इंच" हे टेप लावून कुणीही पाहू शकतो.

२. पत्र लिहिण्याआधी फोटो कुठे कुठे शोधू?

आधी फोनची कचरापेटी पाहा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तर पुसलेला फोटो `Trash` मध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप नसेल तर ३० दिवस. आयफोनच्या `Recently Deleted` मध्येही साधारण ३० दिवस राहतो. तीही रिकामी केली असेल तर फोनमधून परत मिळण्याची आशा फारशी धरू नका. हल्लीच्या फोनमध्ये साठा एन्क्रिप्ट केलेला असतो, आणि "सगळे फोटो परत आणा" म्हणणारी ॲप बहुधा जुन्या चित्रांच्या अंधुक छोट्या प्रती काढून देतात. त्यासाठी पैसे भरू नका.

त्यानंतर व्हॉट्सॲप पाहा. अँड्रॉइडवर पाठवलेल्या फोटोंची वेगळी प्रत ठेवली जाते, आणि गॅलरी साफ करताना ती बरेचदा सुटून जाते. फाइल मॅनेजरमध्ये हा रस्ता उघडा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

तिथल्या फाइलचं नाव `IMG-20250818-WA0004.jpg` अशा धाटणीचं असतं. मधले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. नाव बदलता येतं, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही, पण तुमच्या आठवणीतली तारीख पडताळायला पुरतो.

तिसरी जागा लोकांच्या लक्षात येत नाही: जिथे भिंत मागे आली आहे असे दुसऱ्यांचे फोटो. सातव्या प्रश्नातल्या कुटुंबाचे ओलीचे अकरा फोटो गेले होते. पण श्रावणात त्यांच्याकडे भाऊबंदांची कानबाई बसली होती, आणि चोपड्याच्या वहिनींनी आरतीचे फोटो काढले होते. कानबाईच्या मागे, कपाटाच्या वर, पिवळा डाग अगदी स्पष्ट दिसत होता. ज्याने तो फोटो काढला त्याचा ओलीच्या भांडणाशी काही संबंध नव्हता, म्हणून त्याची किंमत उलट जास्तच. तेव्हा वाढदिवस, बारसं, पाहुण्यांबरोबरची सेल्फी हे सगळं नातेवाइकांकडून मागवा. मागवताना "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि आतली तारखेची नोंद काढून टाकतं.

३. फोटो मालकालाही पाठवले होते. आता तो म्हणतो, मला आलेच नाहीत. काय करू?

चॅट उघडा. गॅलरीतून चित्र गेलं तरी चॅटमधली ती जागा, वेळ आणि बरोबरचा मजकूर बहुधा शिल्लक असतो. चित्राच्या जागी धुरकट चौकोन दिसतो, आणि खाली त्याचं उत्तर असतं: "बघतो", "पाऊस उघडू द्या". ते एका शब्दाचं उत्तर सोन्यासारखं आहे, कारण त्यावरून त्याला कळलं होतं एवढं ठरतं. वरचं नाव, नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि मूळ चॅट मात्र पुसू नका.

तुम्ही फक्त स्वतःकडून पुसलं असेल तर त्याच्या फोनमध्ये फोटो असू शकतो. "सगळ्यांसाठी पुसा" दाबलं असेल तर दोन्हीकडून जातो, पण संदेश पुसल्याची ओळ राहते. पत्रात दोष न देता एवढंच लिहा: "१८ ऑगस्टला मी तीन फोटो आपल्याला पाठवले होते. आपल्या फोनमध्ये असल्यास कृपया जपून ठेवावेत." ही विनंती लेखी गेल्यावर "आलेच नाहीत" म्हणताना माणूस दोनदा विचार करतो.

४. फोटो डिलीट झाले हे पत्रात सांगायचं की गप्प राहायचं?

सांगायचं. दोन वाक्यांत, रडगाणं न गाता. न सांगता "फोटो उपलब्ध आहेत" असं लिहिलं आणि पुढे कुणी मागितले, तर पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. किती फोटो होते, कधी काढले, कधी आणि कसे गेले, आणि आता काय शिल्लक आहे, एवढं पुरे.

उदाहरणार्थ: "९ सप्टेंबरला फोनमधली जागा भरल्याने मुलाने चित्रांचा फोल्डर रिकामा केला, त्यात हे फोटो गेले." इथे मुलाचं नाव लागत नाही, माफीही लागत नाही. "तांत्रिक अडचणीमुळे" असं मोघम लिहू नका. त्यातून काहीतरी लपवल्यासारखं वाटतं.

५. ओल शब्दांत कशी लिहायची? मी काही इंजिनिअर नाही.

इंजिनिअर नाही हेच बरं. जे डोळ्यांना, हाताला आणि कानाला कळलं तेवढंच लिहा. यात एका शेजाऱ्याला बरोबर घ्या, म्हणजे तोच पुढे साक्षीदार होतो.

भिंतीसमोर उभे राहा आणि आधी जागा पक्की करा: कोणती खोली, कोणत्या दिशेची भिंत, पलीकडे काय आहे (गच्ची, बाथरूम, उघडा बोळ की शेजारचं घर). मग स्टीलच्या टेपने डाग मोजा. जमिनीपासून किंवा स्लॅबपासून किती आणि कोपऱ्यापासून किती, ही दोन मापं हवीतच. डागाच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ ओढून शेजारी तारीख टाका. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला तर ओल चालू आहे हे भिंतच सांगते.

त्यानंतर हात लावा. ओल गार लागते का, नुसती दमट आहे की बोट ओलं होतं? रंगाचे पोपडे सुटलेत का? खाली पांढरी भुकटी पडते का? ती बुरशी नव्हे, तो लोणा. पाण्याबरोबर विटा-सिमेंटमधले क्षार वर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. बुरशी काळी-हिरवी असते आणि कुबट वास येतो. या दोन्हींची गल्लत फार पत्रांत दिसते. लोणा आहे म्हणजे पाणी भिंतीच्या आतून आलंय, वरून उडालेलं नाही. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

शेवटी नाण्याने हळू ठोका. चांगला गिलावा ठक्क वाजतो. सुटलेला गिलावा पोकळ वाजतो, माठावर टिचकी मारल्यासारखा. पोकळ भाग बहुतेक वेळा डागापेक्षा मोठा निघतो. त्याचंही माप घ्या.

६. ओल कशामुळे आली हे मी लिहावं का? मालक म्हणतो, तुमच्या कूलरमुळे झालं.

कारण खात्रीने लिहू नका, पण कारणाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा जरूर लिहा. "गच्चीचं वॉटरप्रूफिंग खराब आहे" हा तुमचा अंदाज. "डाग स्लॅबच्या सांध्याला सुरू होतो, खाली येताना निमुळता होतो, आणि जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी गडद होतो" हे तुम्ही पाहिलेलं. वाचणारा स्वतःच गच्चीवर जाईल.

कूलरचा मुद्दा मात्र खानदेशात झटकून टाकण्यासारखा नाही. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, खिडकीत कूलर तीन-चार महिने चालतो, टाकी भरताना पाणी सांडतं, आणि खिडकीखालची भिंत खरंच खराब होते. अशी ओल खिडकीच्या चौकटीपाशी किंवा खाली असते, मार्च ते जूनमध्ये वाढते आणि कूलर बंद केला की काही आठवड्यांत सुकते. तुमचा डाग खिडकीपासून लांब, वरच्या कोपऱ्यात असेल आणि जूनअखेरच्या पावसानंतर आला असेल, तर खिडकी कुठे आहे आणि कूलर कोणत्या तारखेला काढून ठेवला एवढं लिहा. वाद घालण्याची गरज नाही.

बाकीच्या खुणा थोडक्यात. बाथरूमच्या मागच्या भिंतीची ओल पावसाशी बांधलेली नसते, ती बारा महिने राहते. जमिनीतून चढणारी ओल खालून वर येते, साधारण कमरेपर्यंत थांबते आणि तिथे आडवी, लोण्याची कड दिसते. आपल्याकडच्या काळ्या जमिनीवरच्या घरांना उन्हाळ्यात जमीन आकसून आणि पावसाळ्यात फुगून तिरप्या भेगा पडतात, आणि पाणी त्या भेगेतूनही आत येतं. भेग दिसली तर तिची दिशा लिहा.

डाग खरंच तुमच्या कूलरचा निघाला, तर तसं मान्य करून दुरुस्तीचा वाटा बोला. खोटं पत्र लिहून देण्याचं काम मी घेत नाही.

७. एक पूर्ण पत्र दाखवाल का?

हे जळगावातल्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं. अकरा महिन्यांचा करार, भाडं ७,५०० आणि डिपॉझिट २५,००० रुपये. मालक वयाने मोठे आणि घरोब्याचे, सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून पत्रातही तेच ठेवलं.

दि. २२ सप्टेंबर २०२५, जळगाव

प्रति,
श्री. ………… (करारातील पूर्ण नाव व पत्ता)

विषय: पहिल्या मजल्यावरील मागील खोलीच्या पश्चिम भिंतीतील ओल व दुरुस्तीबाबत

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

१ एप्रिल २०२५ पासून आम्ही आपल्या घरात राहतो. राहायला आलो तेव्हा मागील खोलीला नवा रंग होता आणि पश्चिम भिंत कोरडी होती.

२७ जूनच्या रात्रीच्या पावसानंतर सकाळी याच भिंतीच्या उत्तरेकडील कोपऱ्यात, स्लॅबला लागून, वीतभर रुंद ओला डाग दिसला. २८ जूनला मी आपल्याला फोन केला. "पाऊस उघडू द्या, पाहू" असे आपण म्हणालात. ३ ऑगस्टला, कानबाईच्या रविवारी, डाग कपाटाच्या वरच्या कडेपर्यंत आला होता. १७ ऑगस्टला ताटाएवढा गिलाव्याचा तुकडा पडला. १८ ऑगस्टला मी तीन फोटो आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यावर "बघतो" असे आपले उत्तर आले.

मी काढलेले एकूण अकरा फोटो ९ सप्टेंबरला फोनमधली जागा रिकामी करताना मुलाच्या हातून पुसले गेले. ते आता माझ्याकडे नाहीत. आपल्याला पाठवलेले तीन फोटो आपल्या फोनमध्ये असल्यास कृपया जपून ठेवावेत. ३ ऑगस्टच्या कार्यक्रमात नातेवाइकांनी काढलेल्या एका फोटोत मागे हा डाग दिसतो, त्याची प्रत सोबत जोडली आहे.

काल, २१ सप्टेंबरला, शेजाऱ्यांच्या समक्ष भिंत मोजली. डाग स्लॅबपासून खाली ३ फूट ४ इंच आणि उत्तर कोपऱ्यापासून ५ फूट २ इंच आहे. त्याच्या भोवती आणखी सुमारे एक फूट गिलावा पोकळ वाजतो. खाली पांढरा लोणा पडतो. लाकडी कपाटाची मागची प्लाय फुगली आहे. खिडकी याच खोलीच्या दक्षिण भिंतीत आहे. कूलर आम्ही १५ जूनला काढून ठेवला. काल काढलेले नवे फोटो तारखेसह वेगळे जोडले आहेत.

ओलीचे नेमके कारण मी सांगू शकत नाही. डाग वरून खाली येतो, म्हणून गच्चीची ती बाजू एकदा पाहावी असे वाटते. आपण, मी आणि आपल्या पसंतीचा मिस्त्री मिळून पाहणी करू. येत्या शनिवारी किंवा रविवारी मी दिवसभर घरी आहे.

कराराच्या कलम ७ प्रमाणे मोठ्या दुरुस्त्या आपल्याकडे आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पाहणी होऊन काम कधी सुरू होईल ते कळवावे, ही विनंती. भाडे मी नेहमीप्रमाणे वेळेवर देत राहीन.

आपला,
(सही, नाव, मोबाइल)

सोबत: १) ३ ऑगस्टच्या फोटोची प्रत २) २१ सप्टेंबरचे चार फोटो ३) १८ ऑगस्टच्या चॅटचा स्क्रीनशॉट

शेवटचं "भाडे देत राहीन" हे वाक्य भोळेपणाचं नाही. का ते प्रश्न १२ मध्ये आहे. नाना त्या रविवारी मिस्त्री घेऊन आले. तो खोलीत न थांबता थेट गच्चीवर गेला आणि वरूनच ओरडला, "पानी वरथून येस!" पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला बसला होता. पाणी तुंबून गच्ची आणि कठड्याच्या सांध्यात भरलेला सिमेंटचा लेप, म्हणजे वाटा, फुटला होता. आधी वाटा आणि पाइप, मग भिंत पूर्ण सुकू देऊन नवा गिलावा, या क्रमाने काम झालं. सांधा तसाच ठेवून आतून रंग मारला असता तर पुढच्या जुलैत तोच डाग तिथेच.

८. आता नवे फोटो काढले तर चालतील का?

चालतील, पण "हे आजचे" असं स्पष्ट सांगून. सप्टेंबरचा फोटो जुलैचा म्हणून लावू नका. आधी पूर्ण भिंत, मग टेप लावलेला डाग, मग जवळून पोपडे, अशा क्रमाने काढा. मूळ फाइल न कापता, न सजवता फोनमध्येच ठेवा आणि लगेच ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या फोनमध्ये प्रत करा. प्रकरण कोर्टात गेलं तर डिजिटल फोटोसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ फाइल असली की वकिलाचं काम सोपं होतं.

९. फोनची तारीख मागे करून तसेच फोटो पुन्हा काढले तर?

नको. हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून इथे घेतला. भिंत जुलैत जशी होती तशी आता नाही. डाग मोठा झालाय, गिलावा पडलाय, कॅलेंडरचं पान बदललंय. फोनमधली तारीख जुनी आणि क्लाउडवरची अपलोडची तारीख नवी, हेही उघड होतं. खोटा पुरावा तयार करून तो न्यायालयात वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. खऱ्या ओलीचं भांडण असताना आपणच आरोपी होण्यात काय शहाणपण?

१०. मला तारखा नीट आठवत नाहीत. अंदाजे लिहू का?

अंदाज असेल तर "अंदाजे" हा शब्दही लिहा. पण आधी तारखा शोधता येतात का पाहा. कॉलची नोंद, भाडं पाठवल्याची यूपीआयची नोंद, पडलेला गिलावा उचलायला आलेल्या माणसाला दिलेले पैसे, ओलं सामान हलवायला घेतलेली सुट्टी. सणही उपयोगी पडतात: पोळ्याच्या आदल्या दिवशी, गणपती बसले तेव्हा. सणाची तारीख कॅलेंडरमध्ये असते आणि शेजाऱ्यालाही आठवते.

११. मालक सुरतला असतो, भाडं त्याचा मेहुणा घेतो. पत्र कुणाला आणि कसं पाठवू?

करारात ज्याचं नाव आहे त्याला, करारातल्या पत्त्यावर. प्रत मेहुण्याला द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मालकाच्या वतीने भाडं घेणारा माणूसही "घरमालक" या व्याख्येत येतो, त्यामुळे ती प्रत वाया जात नाही.

हातात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर "मिळाले", तारीख आणि सही घ्या. सही द्यायला कां-कूं केली तर पोस्टाने पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून खिडकीवर "स्पीड पोस्ट, नोंदणी आणि पोच पावतीसह" असं सांगा. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्यासह परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा. बंद पाकिटावरचा शेरा आणि तारीख हाच तुमचा कागद. बरोबरीने पत्राचा स्कॅन व्हॉट्सॲपवरही पाठवून ठेवा.

१२. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर दुरुस्ती करून पैसे भाड्यातून कापू का?

हे तुमचा कागद काय आहे त्यावर ठरतं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

तुम्ही भाडे नियंत्रण कायद्याखालचे भाडेकरू असाल, म्हणजे जुनी भाडेपट्टी वगैरे, तर १९९९ च्या कायद्याचं कलम १४ लागू होतं. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. भाडं ७,५०० असेल तर वर्षाचे ९०,००० आणि मर्यादा २२,५०० रुपये. हिशेब आणि पावत्या ठेवणं आलंच.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर हे कलम आपोआप तुमच्या मदतीला येत नाही. तिथे करार बोलतो. दुरुस्तीचं कलम वाचा, आणि मालकाच्या लेखी होकाराशिवाय एक रुपयाही कापू नका. नाहीतर ओलीचा वाद बाजूला राहतो आणि "भाडं थकवलं" हा नवा वाद तुमच्या गळ्यात पडतो. म्हणूनच नमुन्यात भाड्याचं ते वाक्य आहे.

१३. करार तोंडीच आहे. तरी पत्र पाठवू?

पाठवा. भाड्याच्या यूपीआय नोंदी आणि वीजबिल जोडा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

१४. पत्र पोचायच्या आतच मालकाने भिंत रंगवून टाकली. आता काय दाखवू?

रंगाने डाग झाकला जातो, ओल जात नाही. मिस्त्री नाण्याने ठोकेल तेव्हा पोकळ आवाज येईल. ओल्या भिंतीवरच्या रंगाला काही आठवड्यांत फुगे येतात आणि लोणा पुन्हा डोकं काढतो. स्विचबोर्डच्या मागे आणि कपाटाच्या पाठीमागे रंगारी सहसा पोचत नाही, तिथला जुना डाग तसाच असतो. फुगलेल्या प्लायवर तर त्याचा हात फिरतच नाही.

पत्रात एक परिच्छेद वाढवा: रंग कोणत्या तारखेला मारला, कुणाच्या सांगण्यावरून, त्याआधी डागाचं माप काय होतं आणि ते कुणी पाहिलं. शेजारी तयार असेल तर त्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन ठेवा. त्यात त्याने स्वतः पाहिलेलंच असावं. "भाडेकरूने मला सांगितलं" अशी वाक्यं काढून टाका.

१५. ओल स्विचबोर्डपर्यंत आलीय. तरी पंधरा दिवस थांबायचं?

अजिबात नाही. त्या खोलीचा एमसीबी खाली करा, वायरमन बोलवा, मालकाला आधी फोन आणि मग लगेच संदेश. पंधरा दिवस गिलाव्यासाठी, विजेसाठी नाहीत. पत्रात हा मुद्दा सगळ्यात वर घ्या.

१६. पत्र मिळाल्यावर मालकाने पाणी बंद केलं. हे चालतं का?

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी, वीज अशा आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाहीत, त्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. ओलीच्या पत्रात हे मिसळू नका. दुसरं, छोटं पत्र लिहा. लायसन्सवर राहत असाल तर आधी वकिलाला करार दाखवा.

१७. घर सोडून झालंय, फोटो नाहीत, आणि मालक ओलीचा खर्च डिपॉझिटमधून कापतोय. आता पत्र लिहिण्यात अर्थ आहे का?

आहे, पण पत्राचा रोख बदलतो. आता दुरुस्ती मागायची नाही, कपातीचा हिशेब मागायचा: कोणतं काम, किती चौरस फूट, मिस्त्रीची पावती, आणि ओल तुमच्यामुळे आली हे कशावरून ठरवलं. प्रश्न २ मधली शोधाशोध इथेही लागू, विशेषतः सामान हलवतानाचे आणि निरोपाच्या दिवशीचे फोटो. भिंत आता तुमच्या ताब्यात नाही, म्हणून मापं आठवणीतून लिहावी लागतील. तिथे "माझ्या उंचीच्या थोडं वर", "कपाटाच्या वरच्या कडेपर्यंत" असं लिहा. खोटे नेमके इंच टाकू नका. नंतर त्याच घरात राहायला आलेल्या भाडेकरूला एकदा भेटा. गच्चीचा सांधा तसाच असेल तर पुढच्या पावसाळ्यात तोच तुम्हाला फोन करेल.